स्कॅन केलेल्या शुभेच्छापत्रावरची बारीक चौकट पुसताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशकात रविवार कारंजाजवळ माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. दसरा झाला की जपून ठेवलेली जुनी शुभेच्छापत्रं घेऊन माणसं येतात आणि एकच वाक्य बोलतात: "चित्र हेच ठेवा, फक्त भोवतीची ही बॉर्डर काढून टाका." ऐकायला पाच मिनिटांचं काम वाटतं. गेल्या वर्षी पंचवटीतल्या एका काकूंनी असंच एक कार्ड आणलं. पाच बाय सात इंची, रामकुंडावर द्रोणात सोडलेल्या दिव्यांचं चित्र आणि भोवती जेमतेम पावणेदोन मिलिमीटरची सोनेरी चौकट. त्या एका कार्डाने माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली, पण लोक जे जे प्रश्न विचारतात ते जवळपास सगळे त्यात आले. म्हणून खालच्या उत्तरांत तेच कार्ड घेतलं आहे. काम GIMP या चित्रं दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं आहे. ते फुकट मिळतं, आणि मेनूंची नावं पडद्यावर दिसतात तशीच दिली आहेत.

चौकटीवरच क्लिक करून ती सिलेक्ट केली आणि डिलीट केली तर?

बहुतेक जण सुरुवात इथूनच करतात. Fuzzy Select घेऊन सोनेरी रेघेवर क्लिक करायचं. पण ती रेघ आपल्या डोळ्याला एका रंगाची दिसते, स्कॅनरला नाही. काकूंच्या कार्डावरचं गोल्डन फॉइल स्कॅनमध्ये कुठे काळपट तपकिरी, कुठे मातकट, तर एका कोपऱ्यात चक्क राखाडी आलं होतं. फॉइल आरशासारखं असतं. स्कॅनरचा दिवा तिरका पडतो आणि फॉइलवरून उजेड दुसरीकडेच परावर्तित होतो, सेन्सरपर्यंत पोचत नाही. त्यामुळे सोनं काळं दिसतं. क्लिक केल्यावर रेघेचे तुकडेतुकडे सिलेक्ट होतात. Threshold वाढवला तर द्रोणाच्या तपकिरी कडाही त्यात ओढल्या जातात.

उलट बाजूने विचार करा. चौकट कशी दिसते याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही. ती कुठे संपते एवढंच कळायला हवं. चौकटीच्या आतल्या कडेला धरून एक आयत आखायचा, म्हणजे जे ठेवायचं ते सिलेक्ट होतं. मग सिलेक्शन उलटं करायचं. आता त्यात चौकट येते, चौकटीबाहेरची पट्टी येते, कार्डाच्या मळलेल्या कडा आणि झाकणाची सावलीही येते. एका झटक्यात सगळं साफ.

मग सरळ क्रॉपच का करू नये?

चालत असेल तर जरूर करा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं असेल तर मीही क्रॉपच करतो आणि गिऱ्हाईकाला चहा पाजतो. पण काकूंना पुन्हा पाच बाय सातमध्येच छापायचं होतं, कारण त्या मापाची पाकिटं घरात पडून होती. क्रॉप केलं की चित्र चहूबाजूंनी सात-आठ मिलिमीटरने कमी होतं. ते ताणून मूळ मापाला नेलं तर दिवे कडेला येऊन टेकतात आणि मोकळी जागा हरवते. चौकट पुसली की समास तसाच राहतो.

स्कॅन करतानाच काही काळजी घ्यावी का?

तीन गोष्टी पाहा. 300 डीपीआयला स्कॅन करा. त्यात एक मिलिमीटर म्हणजे सुमारे 12 पिक्सेल, म्हणजे आपली चौकट साधारण 20 पिक्सेल जाड पडते आणि तिची कड नीट पाहता येते. 150 ला केलं तर ती दहाच पिक्सेलची उरते आणि तेवढ्यात अंदाजच बांधावे लागतात.

दुसरं, फाइल PNG किंवा TIFF मध्ये घ्या. JPEG चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे ठोकळे पाडून साठवतं. गडद रेघ एखाद्या ठोकळ्यात शिरली की तिचे मळकट शिंतोडे त्या पूर्ण ठोकळ्यात पसरतात. मग चौकट पुसूनही आतल्या बाजूला धुरकट ठिपके उरतात आणि ते कुठून आले हे कळत नाही.

तिसरं, कार्ड काचेला चिकटून बसू द्या. पावसाळ्यात नाशकात कागद असा काही वाकतो की कडा काचेपासून उचललेल्याच राहतात. घरगुती पातळ स्कॅनर बहुतेक सीआयएस जातीचे असतात. त्यांना काचेला टेकलेलं तेवढंच स्पष्ट दिसतं. एखाद-दोन मिलिमीटर वर गेलेला भाग लगेच धूसर होतो. आणि नेमकी कडेलाच आपली चौकट असते. झाकणावर एखादं जाडजूड पुस्तक ठेवलं तरी पुरतं.

कार्ड किंचित तिरकं आलंय. तेवढं चालेल का?

नाही चालणार. रेक्टँगल टूलचा आयत सरळ असतो आणि तुमची चौकट तिरकी, मग दोघांचं जमायचं कसं? काकूंच्या कार्डावर वरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत नऊ पिक्सेल खाली उतरत होती. हा उतार 0.4 अंशाहूनही कमी, डोळ्याला दिसतही नाही. पण उभी रेघ जास्त लांब असल्याने तिथे फरक 13 पिक्सेलचा झाला. चौकट वीसची आणि चूक तेराची! एका टोकाला चौकट शिल्लक राहिली असती, नाहीतर दुसऱ्या टोकाला चित्र कापलं गेलं असतं.

यावर Measure टूल आहे, `Shift+M`. वरच्या रेघेच्या आतल्या कडेवर डाव्या टोकाला माउस दाबा आणि कडेकडेने उजव्या टोकापर्यंत ओढत न्या. टूलच्या पर्यायांत Straighten बटण असतं, ते दाबलं की चित्र सरळ होतं. कार्डाच्या कडेवरून मापू नका. कार्ड कापताना कटिंग मशीनवर कागद हलतो, त्यामुळे कार्डाची कड आणि छापलेली चौकट एकमेकांना समांतर असतीलच असं नाही. मोजायचं ते चौकटीवरूनच.

हे फिरवणं एकदाच करा. प्रत्येक वेळी फिरवलं की पिक्सेल नव्याने मिसळतात आणि कडा आणखी मऊ पडतात. कोन चुकला तर `Ctrl+Z` करून मूळ चित्रावरून पुन्हा फिरवा, फिरवलेलं परत फिरवू नका. सरळ झाल्यावर `Shift+C` ने बाहेरचा पसारा कापून कार्ड 1500 × 2100 पिक्सेलवर आणलं. 300 डीपीआयला पाच बाय सातचं माप तेवढंच होतं.

"आतली कड" म्हणजे नेमका कुठला पिक्सेल?

या कामातली खरी मेख इथे आहे. `3` दाबून झूम 400 टक्के करा आणि डाव्या उभ्या रेघेवर जा. रेघेतून चित्राकडे, म्हणजे डावीकडून उजवीकडे, एकेक पिक्सेल वाचत चला. काकूंच्या कार्डावर मला असं दिसलं: गडद तपकिरी, गडद तपकिरी, मग जरा फिकट तपकिरी, मग खाकी, मग मळका पिवळा, मग आणखी थोडा उजळ आणि मग कार्डाचा खरा साय रंग. म्हणजे रेघ एकदम तुटत नाही, तीन-चार पिक्सेलमध्ये विरघळत जाते. स्कॅनरचं भिंग, फॉइलच्या कडेची बारीकशी दाबखूण आणि आपण केलेलं फिरवणं, तिन्हींचा हातभार त्यात असतो.

लोक आयत लावतात तो तपकिरी संपतो तिथे. तिथून बाहेरचं पुसलं की मधले तीन खाकी पिक्सेल आत राहतात आणि छापल्यावर चित्राभोवती पेन्सिलीने ओढल्यासारखी पुसट रेघ दिसते. "बॉर्डर काढली म्हणता, मग हे काय?" हे वाक्य मी दुकानात उभ्याने ऐकलेलं आहे. म्हणून आयत लावायचा तो साय रंग पूर्ण सुरू झाल्यावर. गडद भाग संपला की तिथून चार पिक्सेल आत या. चार पिक्सेल म्हणजे मिलिमीटरचा एक-तृतीयांश. चित्राचं काही बिघडत नाही.

आयत हाताने ओढायचा की आकडे टाकायचे?

आधी हाताने अंदाजे ओढा (`R` दाबून), मग चारही कडा 400 टक्क्यांवर एकेक करून तपासा. आयत पक्का होईपर्यंत त्याच्या कडा धरून सरकवता येतात, शिवाय टूलच्या पर्यायांत Position आणि Size मध्ये आकडेही टाकता येतात. मला आकडेच बरे वाटतात. हात एका पिक्सेलने हलतोच.

एक चूक मात्र टाळा. एका बाजूचं माप घेऊन चारही बाजूंना तेच लावू नका. काकूंच्या कार्डावर गडद रेघ डावीकडे 92 व्या पिक्सेलला संपत होती आणि वर 90 व्याला. उजवीकडे ती 1418 ला सुरू होत होती, म्हणजे कार्डाच्या उजव्या कडेपासून 82 वर. खाली 2012 ला, म्हणजे तळापासून 88 वर. चौकट कार्डाच्या मधोमध नव्हतीच. सगळीकडून चार पिक्सेल आत आल्यावर आकडे असे झाले:

```
Position:   96     94
Size:     1318   1914
```

चारही कोपरे पुन्हा एकदा झूम करून पाहा. एका कोपऱ्यात सगळं बरोबर आणि समोरच्या कोपऱ्यात रेघ आत डोकावत असेल, तर सिलेक्शन दुरुस्त करत बसू नका. चित्र अजून पुरतं सरळ झालेलं नाही.

फेदर द्यावं का? किती?

फेदर म्हणजे सिलेक्शनची कड मऊ करणं. थोडं द्यावं, नाहीतर भरलेला रंग कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. पण फेदर सिलेक्शनच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पसरतं. आपण चार पिक्सेल आत आलो आणि फेदर दहाचं दिलं, तर बाहेरची चौकट पूर्ण सिलेक्ट होतच नाही. ती भुतासारखी फिकट होऊन राहते. आत जितकं आलात त्याच्या निम्म्यावर थांबा. मी 2 दिलं.

फेदर आयत आखतानाच टूलच्या Feather edges मधून द्या. सिलेक्शन उलटं केल्यानंतर Select → Feather मधून द्यायचं असेल, तर तिथला Selected areas continue outside the image हा पर्याय चालू ठेवा. नाहीतर चित्राची बाहेरची कडही अर्धवट सिलेक्ट होते आणि मळकी किनार जशीच्या तशी उरते.

Invert करून Delete दाबलं तर राखाडी चौकडा आला. रंग का नाही आला?

`Ctrl+I` ने सिलेक्शन उलटं केलंत ते बरोबर. Delete काय करतं ते लेअरवर अवलंबून असतं. लेअरला अल्फा, म्हणजे पारदर्शकता नसेल तर Delete पार्श्वभूमीचा रंग भरतं. असेल तर भोक पाडतं, आणि राखाडी चौकडा म्हणजे ते भोक. स्कॅन उघडतो तेव्हा बहुधा अल्फा नसतो, पण चित्र फिरवून सरळ करताना तो जोडला जातो. त्यामुळे काल चाललेलं आज चालत नाही असं वाटतं. Delete चा नादच सोडा आणि `Ctrl+.` दाबा. त्याने पार्श्वभूमीचा रंग भरतो, अल्फा असो वा नसो.

भरायला रंग कोणता घ्यायचा? पांढरा भरला तर ठिगळ दिसतंय.

दिसणारच. जुनं कार्ड पांढरं नसतं. शिवाय त्याचा साय रंग बहुतेक वेळा कागदाचा नसतो, तो बारीक छापील ठिपक्यांतून आलेला असतो. Color Picker (`O`) घेऊन एकाच पिक्सेलवर क्लिक केलंत तर कधी ठिपक्याचा पिवळा मिळतो, कधी ठिपक्यांमधला कोरा कागद. दर क्लिकला वेगळा रंग. म्हणून Sample average चालू करा, त्रिज्या 10 च्या आसपास ठेवा आणि चौकटीच्या आतल्या मोकळ्या भागात `Ctrl` धरून क्लिक करा. `Ctrl` मुळे रंग थेट पार्श्वभूमीच्या खणात जातो.

काकूंचं कार्ड फ्रेममध्ये खिडकीजवळ राहिलेलं, त्यामुळे उजवी बाजू जास्त पिवळी पडली होती. डावीकडे सरासरी रंग आला 244, 236, 216 आणि उजवीकडे 238, 228, 204. मधला एकच रंग भरला तर दोन्ही बाजूंना पायरी दिसते. मग डावीकडचा रंग वरच्या खणात ठेवला, उजवीकडचा खालच्या, आणि Gradient (`G`) टूलने कार्डाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढली. सिलेक्शन चालू असल्याने रंग फक्त समासात भरला गेला.

एवढं करूनही समास गुळगुळीत प्लास्टिकसारखा दिसतो आणि आतला कागद खरखरीत. सिलेक्शन तसंच ठेवून Filters → Noise → RGB Noise उघडा. Independent RGB बंद करा, नाहीतर रंगीबेरंगी राळ उडते. आकडे आधीपासून 0.20 असतात आणि ते फार होतात. 0.02 पासून सुरू करा आणि 100 टक्के झूमवर आतल्या कागदाशी ताडून पाहा.

चित्राचा एक भाग चौकटीवरून बाहेर आलाय. तो वाचवायचा कसा?

काकूंच्या कार्डात हेच होतं. उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या द्रोणाचं टोक चौकट ओलांडून समासात गेलेलं. चित्रकाराने ते मुद्दाम केलेलं असतं, दिवा कार्डातून वाहून बाहेर चालल्यासारखा वाटतो. ते कापलं तर काकू मला सोडतील का?

`Ctrl+I` करून झाल्यावर, पण रंग भरायच्या आधी, Free Select (`F`) घ्या आणि मोड Subtract करा. द्रोणाच्या बाहेर आलेल्या टोकाभोवती एकेक क्लिक करत जा. मला 14 बिंदू लागले. आतल्या बाजूला, जिथे आधीच सिलेक्शन नाही, तिथे बिनधास्त मोठा वळसा घ्या. समासाच्या बाजूला मात्र द्रोणाच्या पानाच्या कडेला अगदी चिकटून. पहिल्या बिंदूवर परत येऊन Enter दाबलं की तेवढा भाग सिलेक्शनमधून वगळला जातो. तिथे तो चार पिक्सेलचा नियम लावू नका, नाहीतर पानाभोवती जुन्या कागदाची किनार राहील. फेदर 1 पुरे.

फॉइलच्या कार्डात पुढे आणखी एक खोड निघते. फॉइल छपाई झाल्यानंतर गरम ठशाने दाबतात, म्हणजे सोनं चित्राच्या वर बसतं. ठशात द्रोणापुरती जागा मोकळी सोडलेली असते, पण ठसा जरा सरकला की एका बाजूला फॉइल पानावर चढतं आणि दुसऱ्या बाजूला कोरी फट राहते. या कार्डात पानाच्या वरच्या कडेवर सहा पिक्सेल सोनं चढलं होतं. सिलेक्शनने ते निघत नाही, कारण खाली चित्र उरलेलंच नाही. सिलेक्शन काढून (`Shift+Ctrl+A`) Clone (`C`) घेतलं, छोटा ब्रश लावला आणि त्याच पानाच्या बाजूच्या शिरेवरून नमुना उचलून तेवढी कड रंगवली. Heal वापरून पाहिलं, पण ते शेजारचे रंग मिसळतं आणि काळपट फॉइल शेजारीच असल्याने पानावर डाग उमटला. अशा जागी Clone च बरं.

चौकट सरळ रेघेची नाही, कमानी आहेत किंवा कोपरे गोल आहेत. तेव्हा?

गोल कोपऱ्यांसाठी रेक्टँगल टूलमध्येच Rounded corners आहे. त्रिज्या हळूहळू वाढवत कोपऱ्याशी जुळवा. कमानींची किंवा वेलबुट्टीची चौकट असेल तर नक्षीचं जे टोक सगळ्यात आत येतं तिथून सरळ आयत लावा, मधल्या खाचांच्या मागे लागू नका. खाचेतला कागद गेला तरी तो कागदच असतो. चित्र नक्षीला खेटून असेल तरच Free Select ने कडेकडेने फिरा, आणि तेव्हा वेळेचा हिशेब गिऱ्हाईकाला आधीच सांगा.

कार्ड मधोमध घडी पडून वाकलेलं असेल तर रेघच सरळ नसते. तिथेही Free Select, प्रत्येक वळणावर एक बिंदू.

चौकट पूर्ण गेली हे छापण्याआधी कसं कळेल?

पडद्यावर डोळ्यांनी कळत नाही. साय रंगावर दोन-तीन अंकांनी गडद असलेली रेघ मॉनिटरवर लपते आणि चकचकीत फोटोपेपरवर उठून दिसते. Colors → Levels उघडा आणि Input मधलं काळं टोक 190 पर्यंत आणा. आता 190 ते 255 एवढा उजळ भागच सगळ्या पट्टीवर ताणला जातो, त्यामुळे तीन अंकांचा फरक बाराच्या आसपास होतो. राहिलेली चौकट, भरलेल्या रंगाची पायरी, राहून गेलेले खाकी पिक्सेल, सगळं उघडं पडतं. काय कुठे आहे ते टिपून घ्या आणि Cancel दाबा. OK दाबलंत तर चित्राची वाट लागेल, तेव्हा `Ctrl+Z`.

काकूंच्या कार्डावर या तपासणीत डाव्या खालच्या कोपऱ्यात बोटभर पुसट रेघ निघाली. पुस्तक ठेवूनही तो कोपरा काचेपासून उचललेला राहिला होता, म्हणून तिथली कड चार नव्हे, सात पिक्सेलपर्यंत पसरली होती. आयत पुन्हा आखावा लागला नाही. तेवढ्याच तुकड्यावर Heal फिरवलं. आजूबाजूला नुसता कागद असल्याने तिथे ते छान चाललं.

सेव्ह करताना काय लक्षात ठेवायचं?

सिलेक्शन पक्कं झालं की रंग भरण्याआधी Select → Save to Channel करा आणि फाइल XCF मध्ये ठेवा. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन "समास जरा पांढराच करा" म्हणतं तेव्हा कडा नव्याने मोजाव्या लागत नाहीत. काकू तिसऱ्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "बॉर्डर होती तेच बरं दिसत होतं." मूळ स्कॅन ठेवला होता, तोच छापून दिला.